किआ ओरा, हाएरे रा: पॉलिनेशियात भेटताना आणि निघताना काय म्हणतात

न्यूझीलंडमध्ये विमानात, शाळेत किंवा सरकारी कचेरीत गेलात की पहिल्यांदा कानावर पडते ते 'किआ ओरा'. पर्यटकांच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ 'हॅलो' असा दिलेला असतो, आणि चार दिवसांच्या प्रवासाला तेवढा पुरतोही. पण न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत हे दोन शब्द मिळून एक पूर्ण वाक्य होते. समोरचा जगावा, धडधाकट असावा, अशी इच्छा त्या वाक्यात आहे. ती इच्छा नुसती भावनेत नाही, व्याकरणातच बसवलेली आहे, आणि हे व्याकरण इतके सुटसुटीत आहे की भाषाशास्त्राचा गंध नसलेल्यालाही ते सहज उलगडते. मी इथे मुख्यतः माओरीबद्दलच लिहिणार आहे. हवाई, ताहिती, सामोआ, टोंगा इथल्या भाषा तिच्या बहिणी आहेत, त्या अधूनमधून येतील.

आधी 'ओरा' घेऊ. त्याचा अर्थ जीवन, पण मृत्यूच्या उलट एवढ्यापुरताच नाही. आजारातून उठलेला माणूस ओरा, बुडता बुडता वाचलेला ओरा, खाऊनपिऊन तृप्त असलेलाही ओरा. याच शब्दापासून 'हाउओरा' म्हणजे आरोग्य झाले, त्यातला 'हाउ' म्हणजे वारा किंवा श्वास. 'ओरांगा' म्हणजे उपजीविका, जगण्याचे साधन. 'फाकाओरा' म्हणजे वाचवणे, बरे करणे. याच्या विरुद्ध टोकाला 'माते' हा शब्द आहे, आणि त्याचाही पसारा असाच. माते म्हणजे मरण, पण आजारही माते, लढाईतली हारही माते, आणि तहान लागली तर 'मातेवाइ', म्हणजे पाण्यावाचून जीव कासावीस होणे. माणसाची दशा ओराकडे झुकते आहे की मातेकडे, हे माओरी विचारात सतत तोलले जाते. भेटताना 'ओरा' म्हणणे म्हणजे समोरच्याला या तराजूच्या चांगल्या पारड्यात बसवणे.

आता 'किआ'. आपण कोणाला 'बस', 'ये', 'ऐक' असे सांगतो तेव्हा ती आज्ञा असते, कारण बसणे, येणे, ऐकणे ही माणसाने करायची कामे आहेत. पण निरोगी असणे किंवा धीट असणे हे हात हलवून करण्याचे काम नव्हे, ती अवस्था आहे. माओरी भाषा या दोन्हींत काटेकोर फरक करते. कामाची आज्ञा एका पद्धतीने होते, आणि हवीहवीशी अवस्था सांगायची तर तिच्या आधी 'किआ' लागतो. 'किआ काहा' म्हणजे बळकट राहा, खचू नकोस. 'किआ तूपातो' म्हणजे सांभाळून. 'किआ तेरे' म्हणजे चटकन हो. मराठीत 'कल्याण होवो', 'आयुष्य लाभो' यांतला शेवटचा 'ओ' जे काम करतो, साधारण तेच काम तिथे 'किआ' करतो. ओरा ही अवस्था असल्यामुळे तिला 'किआ'च लागतो. म्हणजे 'किआ ओरा' हे व्याकरणाच्या नियमानेच शुभचिंतन ठरते, दुसरे काही ते होऊच शकत नाही.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या वाक्यात देणारा कोणी नाही. 'देव तुझे भले करो' असे ते म्हणत नाही. कोणत्याही देवाचे नाव त्यात नाही, आणि 'मी तुला देतो' असेही नाही. 1814 च्या नाताळात सॅम्युएल मार्सडेन या धर्मोपदेशकाने बे ऑफ आयलंड्समध्ये पहिली ख्रिस्ती प्रार्थना घेतली. तिथून पुढे माओरीत देवाचे नाव घेऊन केलेले आशीर्वादही भरपूर आले, आणि आज सभा-समारंभाच्या सुरुवातीला व शेवटी ते म्हटले जातात. त्यांची घडणही तीच आहे. 'किआ ताउ ते रांगीमारिए' म्हणजे 'शांती उतरो'. तिथेही आरंभी 'किआ'च आहे. पण रोजच्या भेटीतला 'किआ ओरा' कोणत्याही धर्माचा माणूस, किंवा काहीच न मानणारा माणूस, सारख्याच मनाने म्हणू शकतो.

हे फक्त न्यूझीलंडपुरते नाही. पॅसिफिक महासागरात हवाई, न्यूझीलंड आणि रापा नुई (म्हणजे ईस्टर बेट) या तीन टोकांमध्ये एक अवाढव्य त्रिकोण काढला, तर तोच पॉलिनेशिया, आणि त्याच्या आत बोलल्या जाणाऱ्या बहुतेक मूळ भाषा एकाच कुळातल्या आहेत. 1769 मध्ये कॅप्टन कुकचे 'एंडेव्हर' जहाज न्यूझीलंडला लागले तेव्हा त्यावर तुपाइया नावाचा ताहिती परिसरातला पुरोहित आणि दर्यावर्दी होता. किनाऱ्यावरच्या माओरींशी तो बोलू लागला आणि त्यांना ते समजले. मधे हजारो किलोमीटरचा समुद्र, अनेक पिढ्यांचा दुरावा, तरी भाषा एकमेकींना ओळखत होत्या. कारण त्यांच्यातले फरक नियमाने झालेले आहेत. माओरीतला 'क' ताहितीत नाहीसा होतो, त्या जागी घशात श्वास क्षणभर अडतो. माओरीतला 'र' हवाईत 'ल' होतो.

हे लक्षात ठेवले की नकाशावर एकच आशीर्वाद प्रवास करताना दिसतो. माओरीत 'किआ ओरा', कुक बेटांवर 'किआ ओराना', ताहितीत 'इआ ओरा ना', आणि रापा नुईवर 'इओराना'. शेवटचा तिथे ताहितीहून पोचला असे मानतात, आणि त्यात 'क' नाही ही त्याचीच खूण. हवाईत 'ओरा'चे 'ओला' होते. 'ए ओला' म्हणजे 'जगो, चिरायू होवो'. मात्र तिथे ते रोजच्या नमस्कारात येत नाही. प्रार्थनेत, राजाच्या जयजयकारात, आणि अलीकडे 'ए ओला माउ का ओलेलो हवाई', म्हणजे 'हवाईची भाषा कायम जगो', या घोषणेत ते ऐकू येते.

हवाईत भेटताना म्हणतात ते 'आलोहा'. त्याची कहाणी वेगळी, आणि त्यात एक गैरसमज इतका पसरला आहे की थोडे थांबायला हवे. 'आलो' म्हणजे समोरची उपस्थिती आणि 'हा' म्हणजे श्वास, म्हणून आलोहा म्हणजे 'श्वासाची उपस्थिती', असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ऐकायला ते सुंदर आहे, आणि हवाईतल्या कित्येक लोकांनी मनापासून स्वीकारलेही आहे. त्यांच्या जगण्यात त्या अर्थाला जागा आहे, ती कोणी काढून घेऊ नये. पण शब्दाचा उगम म्हणून ते टिकत नाही. बहिणींकडे पाहिले की कळते. माओरीत हाच शब्द 'आरोहा', सामोआत 'आलोफा', टोंगात 'ओफा'. सगळीकडे अर्थ प्रेम, माया, करुणा. म्हणजे हवाईत माणसे पोचण्यापूर्वीच हा शब्द अखंड होता आणि त्याचा अर्थही ठरलेला होता. हवाईतला 'ह' हा मुळातल्या 'फ'चा झालेला आहे. पुढे त्याचे दोन तुकडे पाडून अर्थ लावला गेला.

गंमत म्हणजे माओरी माणूस भेटल्यावर 'आरोहा' म्हणत नाही. तोच शब्द तिथे प्रेमासाठी आणि दुःखात शेजारी बसणाऱ्या मायेसाठी राखलेला आहे. हवाईने मात्र तो भेटीलाही घेतला आणि निरोपालाही. 1986 मध्ये हवाईच्या कायद्यात आलोहाची व्याख्या घातली गेली. आलोहा हा नुसता भेटीचा-निरोपाचा शब्द नसून परतफेडीची अपेक्षा न ठेवता एकमेकांबद्दल बाळगलेला जिव्हाळा आहे, असे तो कायदा सांगतो, आणि अधिकाऱ्यांनी आपले काम करताना हे ध्यानात ठेवावे अशी त्याची अपेक्षा आहे.

टोंगा आणि सामोआ यांनी तिसरीच वाट धरली आहे. टोंगात भेटल्यावर 'मालो ए लेलेइ' म्हणतात. 'मालो' म्हणजे शाबास, धन्यवाद, अभिनंदन. 'लेलेइ' म्हणजे चांगले. तू चांगला आहेस याबद्दल अभिनंदन, असा त्याचा रोख. सामोआत अनौपचारिक भेटीत 'तालोफा' म्हणतात, त्यात वरचा 'आलोफा' ऐकू येतो. पण वडीलधाऱ्यांसमोर किंवा सभेत 'मालो ले सोइफुआ' म्हणतात. 'सोइफुआ' हा जीवन आणि आरोग्य यांसाठीचा आदराचा शब्द आहे. उत्तरात स्वच्छ आकाशाचाही उल्लेख येतो. तिथे मान्यवरांचे आकाश निरभ्र असणे म्हणजे त्यांची प्रकृती ठणठणीत असणे. निरोप घेतानाही सामोआत 'तोफा सोइफुआ' म्हणतात, म्हणजे आरोग्याचा तोच शब्द जातानाही हातात ठेवतात. माओरी वाक्य पुढे पाहते, 'तू जगावास'. टोंगा-सामोआचे वाक्य आहे त्याकडे पाहते, 'तू जगतो आहेस, फार चांगले झाले'. समुद्रावर जगणाऱ्या माणसांना माणूस पुन्हा दिसणे हीच अभिनंदनाची गोष्ट होती, असे मला वाटते.

आता परत माओरीकडे. 'किआ ओरा' किती माणसांना म्हणायचे यावर पुढचा शब्द ठरतो. एकाला 'किआ ओरा' किंवा 'किआ ओरा कोए'. दोघांना 'किआ ओरा कोरुआ'. तिघांना किंवा जास्तींना 'किआ ओरा कोउतोउ'. द्विवचन आपण संस्कृतबरोबर मागे सोडले, पॉलिनेशियन भाषांनी ते सांभाळले आहे. पण मराठी माणसाला खरी ओळखीची वाटेल अशी गोष्ट पुढे आहे. 'आम्ही' आणि 'आपण' यांत फरक इंग्रजीला करता येत नाही, मराठीला येतो, आणि माओरीलाही येतो. 'मातोउ' म्हणजे आम्ही, ऐकणारा सोडून. 'तातोउ' म्हणजे आपण सगळे, ऐकणाऱ्यासकट. सभेत उभा राहिलेला वक्ता पुष्कळदा 'किआ ओरा तातोउ' म्हणतो. आपणा सर्वांना जीवन लाभो, मलाही. आशीर्वाद देणारा स्वतः त्याच्या बाहेर उभा राहत नाही. हवाईतही तसेच. तुम्ही आणि मी दोघेच असू तर 'आलोहा काउआ', आणि जमाव असेल तर 'आलोहा काकोउ', म्हणजे आपणा सर्वांत प्रेम असो.

अधिक औपचारिक भेटीत माओरी माणूस 'तेना कोए' म्हणतो, आणि पत्राची सुरुवातही त्यानेच करतो. हे समजायला माओरीतले 'इथे-तिथे' बघावे लागते. आपल्याकडे 'हा' आणि 'तो' अशी दोनच अंतरे आहेत. माओरीत तीन आहेत. 'तेनेइ' म्हणजे माझ्याजवळचा, 'तेना' म्हणजे तुझ्याजवळचा, 'तेरा' म्हणजे आपल्या दोघांपासून लांबचा. 'तेना कोए' म्हणजे शब्दशः 'तिथे तू'. तू आहेस, तिथे आहेस, मला दिसलास. त्यात वर मागितलेला नाही, पण समोरच्याचे असणे मान्य केलेले आहे. या तीन अंतरांतला शेवटचा 'रा' लक्षात ठेवा, निरोपाच्या वेळी तो लागणार आहे.

हे सगळे जिथे एकत्र येते ती जागा म्हणजे 'माराए', माओरी समाजाचे सभास्थान. पाहुणे आले की 'पोफिरी' नावाचा स्वागतविधी होतो, आणि त्यातली शब्दांची चढण पाहण्यासारखी असते. पाहुणे फाटकाशी थांबतात. यजमानांकडची एक स्त्री उंच स्वरात हाक घालते. 'हाएरे माइ', म्हणजे या, पुन्हा पुन्हा. पाहुण्यांतली एक स्त्री तशाच स्वरात उत्तर देते. या हाकांमध्ये जिवंत माणसांबरोबर दोन्हीकडच्या मृतांनाही बोलावलेले असते, कारण माणूस आपल्या गेलेल्या माणसांना सोबत घेऊनच येतो असे मानले जाते. सगळे चालत पुढे येतात, मध्ये थांबून मृतांचे स्मरण करतात, मग बसतात.

मग भाषणे. वक्ता उठतो आणि गर्जना केल्यासारखा सुरू होतो: 'तिहेइ माउरी ओरा!' तिहेइ म्हणजे शिंक, माउरी म्हणजे प्राणतत्त्व, आणि ओरा आता आपल्याला माहीत आहे. मागे कथा अशी: ताने या देवाने कुरावाका इथल्या मातीतून पहिली स्त्री घडवली, तिचे नाव हिनेआहुओने. त्याने तिच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला, ती शिंकली, आणि जिवंत झाली. ती शिंक म्हणजे वक्त्याच्या तोंडची आरोळी. शिंकेला जीवनाचा पुरावा मानणे बहिणींमध्येही सापडते. हवाईत 'किहे, आ माउलीओला' असा उद्गार आहे, शिंक आणि दीर्घायुषी हो.

यानंतर वक्ता आधी मृतांशी बोलतो. त्यांना तो म्हणतो, 'हाएरे, हाएरे, हाएरे.' जा, जा, जा. ते आपल्या पूर्वजांकडे, हावाइकी नावाच्या मूळ भूमीकडे निघालेले असतात. मग एक ओळ येते जिने मृतांची बाजू मृतांशी जोडली जाते आणि जिवंतांची जिवंतांशी: 'ते हुंगा माते कि ते हुंगा माते', 'ते हुंगा ओरा कि ते हुंगा ओरा'. माते आणि ओरा, दोन्ही पारडी इथे उघड दिसतात. मृतांना त्यांच्या जागी पोचवले की वक्ता जिवंतांकडे वळतो आणि म्हणतो, 'तेना कोउतोउ, तेना कोउतोउ, तेना कोउतोउ कातोआ'. तुम्ही सगळे, तुम्ही आहात. निरोप आधी आणि नमस्कार नंतर, हा क्रम पहिल्यांदा चकित करतो. पण जे गेले त्यांना निरोप दिल्याशिवाय जे उरले त्यांना नीट भेटता येत नाही, हे कळले की तो फार समजूतदार वाटतो.

भाषणे आटोपली की 'होंगी'. दोघे नाकाला नाक आणि पुष्कळदा कपाळाला कपाळ टेकवतात, क्षणभर थांबतात. तानेने फुंकलेला तोच श्वास दोघांत वाटून घ्यायचा. घाईने नाक घासणे म्हणजे होंगी नव्हे. घासायचे नाहीच, टेकवायचे. शेवटी सगळे जेवतात, आणि अन्नाने विधीचे सोवळेपण उतरते.

या सगळ्यातून बाहेर, साध्या ऑफिसात, 'किआ ओरा' म्हणणे एकेकाळी नोकरीवर बेतले होते. 1984 च्या मे महिन्यात ऑकलंडमध्ये नाइदा ग्लाविश नावाची माओरी स्त्री टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडून देण्याचे काम करत होती. त्या काळी न्यूझीलंडमध्ये टेलिफोन पोस्ट खात्याकडेच होता. फोन उचलताना ती 'किआ ओरा' म्हणे. तक्रार आली, आणि वरिष्ठांनी ते बंद करायला सांगितले. ती म्हणाली, नाही करणार. तिच्या नोकरीवर गदा आली, आणि देशभर वाद पेटला. काहींना ते अती वाटले, तर कितीतरी जणांनी मुद्दाम फोन करून त्या 'किआ ओरा बाईं'शी जोडून द्यायला सांगितले. अखेर पोस्टमास्टर जनरलनी पंतप्रधान रॉबर्ट मल्डून यांना पटवले आणि बंदी उठली. ग्लाविश कामावर परतल्या, पुढे आंतरराष्ट्रीय टेलिफोन विभागात गेल्या, आणि तिथून जगभरच्या फोनवर 'किआ ओरा' जाऊ लागले.

या घटनेच्या मागचा-पुढचा काळ पाहिला तर तिचे वजन कळते. शाळांमध्ये माओरी बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा झाल्याच्या आठवणी तेव्हाच्या वयस्क पिढीकडे ताज्या होत्या. 1972 मध्ये 30,000 हून अधिक सह्यांचा अर्ज संसदेत गेला होता, शाळेत माओरी शिकवा म्हणून. 1982 मध्ये आज्या-आजोबांकडून भाषा उचलणाऱ्या बालवाड्या, 'कोहांगा रेओ', सुरू झाल्या. 1987 मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली. या सगळ्याच्या मध्यात दोन शब्दांवरचा तो झगडा आहे. आता ऑकलंड-वेलिंग्टनमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या इनबॉक्समध्येही रोज 'किआ ओरा'ने सुरू होणारे आणि 'ङा मिही' म्हणजे 'शुभेच्छांसह' या शब्दांनी संपणारे ईमेल येतात.

त्या माणसाला बोलताना दोन-तीन गोष्टी उपयोगी पडतील. 'किआ ओरा' नुसते भेटीचे नाही. कोणी मदत केली तर आभार म्हणूनही तेच, आणि भाषणात पटणारे वाक्य आले की श्रोत्यांतून 'अगदी बरोबर' या अर्थाने तेच. उच्चारात स्वर तोडून स्वच्छ म्हणायचे, कि-आ ओ-रा. 'क्योरा' असा एकत्र घोळ करू नये. आणि ऱ्हस्व-दीर्घ सांभाळायचे, माओरीत त्याने शब्दच बदलतो.

खरी चूक होते ती निरोपाला. तिथे एक शब्द नसून दोन आहेत, आणि कोण निघते आणि कोण थांबते यावर ते ठरतात. थांबणारा निघणाऱ्याला म्हणतो 'हाएरे रा', जा. निघणारा थांबणाऱ्याला म्हणतो 'ए नोहो रा', राहा, बस. म्हणजे आपले काय चालले आहे ते कोणीच बोलत नाही. प्रत्येकजण समोरच्याचे पुढचे पाऊल बोलून दाखवतो आणि त्याला मोकळे करतो. नवशिका दारातून बाहेर पडताना 'हाएरे रा' म्हणतो, तेव्हा घरात बसलेल्या यजमानालाच 'जा' म्हटल्यासारखे होते. तपासायचे सोपे: मी ज्याच्याशी बोलतोय त्याचे पाय चालणार की थांबणार? चालणार तर हाएरे, थांबणार तर नोहो.

एकाच्या आधी 'ए' का आणि दुसऱ्याच्या का नाही? कामाची आज्ञा करताना शब्द आखूड असेल तर त्याआधी 'ए' लागतो, लांब असेल तर लागत नाही. मोजायचे स्वर. 'नोहो'त दोन ऱ्हस्व स्वर, म्हणून 'ए नोहो'. 'हाएरे'त तीन, म्हणून नुसते 'हाएरे'. उभा राहा हे 'ए तू', पण बघ हे नुसते 'तितिरो'. अर्थाशी याचा संबंध नाही, तो फक्त तालाचा तोल आहे.

आणि शेवटचा 'रा' म्हणजे मघाच्या 'तेरा'तलाच, आपल्या दोघांपासून लांबचा. 'हाएरे माइ' म्हणजे माझ्याकडे ये. 'हाएरे अतु' म्हणजे माझ्यापासून दूर जा, आणि नुसते तेवढेच म्हटले तर ते 'चालता हो' असे लागू शकते. 'हाएरे रा'त तसा झटका नाही. माणूस तिकडे, लांब, आपल्या वाटेला लागलेला दिसतो आणि शब्द त्याला तिथवर सोबत करतो. आपल्याकडे निघणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि यजमान 'या' म्हणतो, कारण 'जा' हा शब्द दारात अशुभ वाटतो. माओरी घरात 'जा' मोकळेपणी म्हणतात, आणि माराएवर मृतांना निरोप देतानाही तोच 'हाएरे' असतो. दाराशी आणि चितेशी, किंवा इथे खड्ड्याशी, वेगळे शब्द लागू नयेत असा हा स्वभाव आहे. दोन्ही समाज एकाच भीतीशी बोलत आहेत, पण एक ती टाळून बोलतो आणि दुसरा तिच्याकडे तोंड करून.

बहिणींमध्येही हीच जोडी दिसते. कुक बेटांवर 'आ'एरे रा' आणि 'ए नो'ओ रा'. टोंगात निघणाऱ्याला 'अलु आ', थांबणाऱ्याला 'नोफो आ'. टोंगात मोजणी आणखी बारीक होते. दोघे निघाले तर 'मो ओ आ' आणि तिघे किंवा जास्त निघाले तर 'मोउ ओ आ'. एक जण जाण्याला एक क्रियापद, अनेक जण जाण्याला दुसरेच. विमानतळावर कुटुंब सोडायला आलेला टोंगी माणूस निघणाऱ्यांची डोकी मोजल्याशिवाय नीट निरोपच देऊ शकत नाही.

फोनवर मात्र ही व्यवस्था अडते. दोघेही आपापल्या घरी, कोणी निघत नाही, कोणी राहत नाही. तिथे माओरी बोलणारे 'का किते आनो' म्हणतात, पुन्हा भेटू, शब्दशः पुन्हा पाहीन. पोरे त्याचेही 'का किते' करतात. किंवा 'मा ते वा', वेळ आली की. हवाईत याच जागी 'आ हुई होउ' येते, पुन्हा भेट होईपर्यंत. पत्राच्या शेवटी, जिथे वाचणारा नक्की आपल्या जागी बसलेला असतो, तिथे 'नोहो ओरा माइ' लिहितात: तिकडे सुखरूप राहा. आणि दूरच्या प्रवासाला निघालेल्याला म्हणतात 'होकी ओरा माइ', जिवंत, सुखरूप परत ये.